रॉयल्टी शून्य म्हणजे नेमकं किती?

«पुण्यात नऱ्हे–आंबेगाव भागात, कॉलेजच्या जवळ चहा-नाश्त्याच्या एका ब्रँडची फ्रँचायझी घ्यायचा विचार आहे. फी 4 लाख अधिक जीएसटी, करार 5 वर्षांचा, रॉयल्टी शून्य. माल मात्र त्यांचाच घ्यायचा. दुकान उभं करून एकूण 14 लाखांच्या आसपास जातील. हे पैसे नेमके कशाचे आणि बदल्यात कंपनी काय देते? मित्र म्हणतो, एवढ्यात स्वतःचंच सुरू कर.»

मी आधी सहा वर्षं एका ब्रँडची फ्रँचायझी चालवली, नंतर तीन वर्षं दुसऱ्या एका कंपनीत फ्रँचायझी विकण्याच्या बाजूला होतो आणि आता लोकांचे करार सही करण्याआधी वाचून देतो. दोन्ही बाजूंनी काउंटर पाहिल्यामुळे एक सवय लागली आहे. ब्रोशर बाजूला ठेवायचं आणि एवढंच विचारायचं की ही कंपनी पैसे नेमके कुठे कमावते? ती जिथे कमावते तिथेच तिचं लक्ष असतं. तुम्हाला मिळणारी मदतही त्यावरच ठरते.

कमावण्याच्या जागा चार. सुरुवातीची फी, विक्रीवर टक्क्याने रॉयल्टी, तुम्हाला विकलेला माल आणि दुकान उभं करून देताना फर्निचर-मशीनवर सुटणारं मार्जिन. काही ठिकाणी जाहिरातीचा वेगळा टक्का असतो. तुमच्या ब्रँडने दुसरी जागा शून्य केली आहे, म्हणजे उरलेल्या तीन जागांतून ती कमावणार. यात लबाडी आहेच असं नाही. फक्त ‘रॉयल्टी नाही’ याचा अर्थ ‘दर महिन्याला काही द्यायचं नाही’ असा लावू नका.

आता तुमचाच आकडा मांडून बघू. फी 4 लाख, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4 लाख 72 हजार. हा जीएसटी पुढे वजा होईल असं अनेकांना वाटतं. तो होत नाही. तुमच्यासारखं साधं खाण्याचं दुकान 5 टक्क्यांच्या दरात बसतं आणि त्या दरात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे ते 72 हजार सरळ खर्चात गेले. पाच वर्षांचे 60 महिने धरले तर नुसती फी महिन्याला 7,870 रुपये पडते. दुकान चालो न चालो, हे पैसे पहिल्या दिवशीच गेलेले असतात.

पुढे दुकान. फर्निचर, बोर्ड, मशीन मिळून 7 लाख, जागेचं डिपॉझिट दीडेक लाख, पहिला माल 60 हजार. झाले तुमचे 14 लाख.

धंदा दिवसाला 7,000 धरतो. ब्रोशरमध्ये 10,000 लिहिलं असेल, पण कॉलेजच्या भागात परीक्षा, दिवाळीची सुट्टी आणि मे महिना धरून सरासरी काढावी लागते. महिन्याचे 2 लाख 10 हजार झाले. त्यातला जीएसटी बाजूला काढला की तुमच्या हातात 2 लाख. त्यातून 80 हजारांचा माल जातो. यातला 45 हजारांचा कंपनीकडून येतो, म्हणजे चहाची पावडर, मसाला, प्रीमिक्स, छापील कप. उरलेल्या 35 हजारांत दूध, साखर, पाव वगैरे तुम्ही बाजारातून घेता. भाडं 30 हजार, तीन पोरांचा पगार 45 हजार, वीज आणि गॅस 13 हजार, किरकोळ दुरुस्ती, बिलिंगचं सॉफ्टवेअर वगैरे 7 हजार. एकूण 1 लाख 75 हजार. उरले 25 हजार. त्यातून फीचे 7,870 आणि सात लाखांच्या सामानाची झीज म्हणून महिन्याला 11,670 वजा केले की साडेपाच हजारही राहत नाहीत. तुमचा स्वतःचा पगार यात अजून धरलेलाच नाही. हेच गणित 9,000 च्या धंद्यावर मांडलं, गॅस-विजेला दोन हजार वाढवले, तरी 37-38 हजार उरतात. दिवसाच्या दोन हजारांचा इतका फरक पडतो. म्हणून धंद्याचा आकडा कंपनीकडून ऐकायचा नाही, स्वतः मोजायचा. कसा, ते पुढे सांगतो.

आधी त्या 45 हजारांच्या मालाकडे या, कारण शून्य रॉयल्टी तिथे लपलेली असते. कंपनीचं दरपत्रक आत्ताच मागा, सही करण्याआधी. ‘ते करारानंतर मिळतं’ असं उत्तर आलं तर समजायचं ते समजा. दरपत्रक घेऊन एक सकाळ मार्केट यार्डच्या भुसार विभागात जा, त्याच प्रतीच्या चहा पावडरचा, वेलचीचा, सुंठीचा घाऊक भाव विचारा. कप आणि पार्सलच्या डब्यांसाठी रविवार पेठेत बोहरी आळीत चक्कर मारा. प्रीमिक्सचं पाकीट असेल तर घरच्या काट्यावर एका कपाला लागणारं प्रमाण मोजा आणि कपाचा खर्च काढा. पाकिटाची किंमत बघून काहीच कळत नाही. समजा हा 45 हजारांचा माल बाजारात 33 हजारांना बसतो. वरचे 12 हजार, म्हणजे तुमच्या 2 लाखांच्या विक्रीचे 6 टक्के. ही तुमची रॉयल्टी. पावतीवर तिला मसाला म्हणतात, एवढंच.

हे 12 हजार फुकट गेले असं मात्र मी म्हणणार नाही. चहाची चव कात्रजला आणि कोथरूडला एकच लागावी म्हणून कोणीतरी पावडरींचं मिश्रण एका जागी करतो, तपासतो, पोचवतो. त्याचा खर्च असतो. उघडपणे 6 टक्के रॉयल्टी लावली असती तर तिच्यावर 18 टक्के जीएसटी चढून ती तुम्हाला 7 टक्क्यांच्या थोडी वरच पडली असती, आणि त्याचीही वजावट नाही. माझा आक्षेप रकमेवर नाही. रॉयल्टीचा टक्का करारात छापलेला असतो, तो पाच वर्षं हलत नाही. मालाचा दर हलतो.

माझ्याच बाबतीत तो दोनदा हलला. कंपनीचं नाव घेत नाही. करारात ‘माल कंपनीच्या वेळोवेळी लागू असलेल्या दराने’ एवढी एकच ओळ होती. मी ती वाचली होती आणि त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पहिल्या दीड वर्षात मसाला दोनदा महागला, माझ्या मेन्यूचे दर मात्र कंपनीच्या परवानगीशिवाय मला वाढवता येत नव्हते. खालून खर्च वाढतोय आणि वरचं झाकण कंपनीच्या हातात. त्याहून जास्त लागलं ते गणपतीत. माझं दुकान पेठेत होतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून संध्याकाळी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि वर्षाच्या धंद्याचा मोठा वाटा त्या चार-पाच संध्याकाळींत येतो. नेमकं तेव्हा प्रीमिक्स संपलं. गोडाऊनवाला म्हणाला, गाडी पेठेत शिरत नाही, विसर्जनानंतर बघू. मी बाहेरून पावडर आणून दोन संध्याकाळी भागवल्या. पुढच्या महिन्यात तपासणीला आलेल्या माणसाने बाहेरच्या पावडरीचं रिकामं पोतं पाहिलं आणि दंड लावला. करार काढून बघितला तर बाहेरचा माल वापरल्यास दंड, हे कलम पानभर होतं. कंपनीने माल वेळेवर दिला नाही तर काय, यावर एक शब्द नव्हता.

तेव्हापासून मी सक्तीच्या मालाच्या कलमात तीन वाक्यं घालून घेतोच. दरवाढ वर्षातून एकदाच आणि ठरलेल्या टक्क्याच्या आत, किंवा बाजारभावाच्या एखाद्या मापाला बांधलेली. ऑर्डर दिल्यापासून इतक्या दिवसांत माल आला नाही तर त्याच प्रतीचा माल बाहेरून घेण्याची मुभा. आणि महिन्याला किमान इतका माल उचललाच पाहिजे ही अट असेल तर ती काढायची किंवा पहिल्या वर्षापुरती शिथिल करायची, कारण मालावर कमावणाऱ्या कंपनीला तुमची विक्री कमी असली तरी तुमची खरेदी जास्त असलेली चालते.

मॅकडोनाल्ड्सच्या रे क्रॉकला हे फार लवकर कळलं होतं. 1955 साली तो फ्रँचायझी द्यायचा तेव्हा फी 950 डॉलर होती आणि विक्रीवर 1.9 टक्के, त्यातला अर्धा टक्का मूळ मॅकडोनाल्ड बंधूंचा. आपल्याच दुकानदारांना माल विकून नफा कमवायचा नाही, हे त्याने ठरवून टाकलं होतं. एकदा माल विकायला लागलो की दुकानात किती धंदा होतो यापेक्षा आपला माल किती खपतो याकडे लक्ष जातं, असं त्याचं म्हणणं. पुढे त्याच्या कंपनीने खरा पैसा जागेच्या भाड्यात मिळवला ही गोष्ट वेगळी.

आता तुमच्या मित्राच्या म्हणण्याकडे. फीचे 7,870 आणि मालातले 12,000 धरले तर ब्रँडचं नाव तुम्हाला महिन्याला जवळपास 20 हजारांना पडतं. स्वतःच्या नावाने तेच दुकान, तेच भाडं, तीच पोरं ठेवली आणि माल बाजारातून घेतला, तर तेवढेच साडेपाच हजार उरायला दिवसाला 5,950 च्या आसपास धंदा पुरतो. फ्रँचायझीत त्यालाच 7,000 लागतात. फरक 1,050 रुपयांचा. चहा 15 रुपयांना धरला तर 70 कप. प्रश्न इतकाच उरतो की बोर्डावरचं ते नाव वाचून रोज 70 कप जास्त खपतील का? नऱ्ह्यात, जिथे मुलं दर वर्षी नवी येतात आणि नाव ओळखून शिरतात, तिथे खपूही शकतील. सोसायटीच्या तोंडाशी, जिथे गिऱ्हाईक ठरलेलं आहे आणि चार महिन्यांत चहावाल्याला नावाने हाक मारू लागतं, तिथे मला शंका आहे.

नाव सोडून कंपनी आणखी काय देते, ते या 70 कपांच्या तराजूत टाका. प्रशिक्षण किती दिवसांचं, आणि ते चालू दुकानात की हॉटेलच्या सभागृहात? आठ-दहा दिवस खऱ्या काउंटरवर उभं केलं तर ते मोलाचं आहे. दूध किती तापवायचं, शिळा चहा कधी ओतून द्यायचा, दिवसाचा वाया गेलेला माल कसा लिहायचा, हे स्वतः शिकायला सहा महिने आणि लाखभर रुपये जातात. उद्घाटनाला माणसं पाठवतात का आणि किती दिवस? पोरं सोडून गेली तर नवी शिकवायला कोणी येतं का? चहा-नाश्त्याच्या धंद्यात पोरं टिकत नाहीत, त्यामुळे दुसऱ्यांदा शिकवणं हीच खरी सेवा आहे आणि करारात नेमकी तीच नसते. महिन्याला दुकानात येणारा माणूस मदतीला येतो की फक्त दंडाची पावती फाडायला, ते आधीच्या फ्रँचायझीवाल्यांना विचारा. एक मात्र कंपनी कधीच देत नाही. शॉप अ‍ॅक्ट, एफएसएसएआय, जीएसटी हे सगळं तुमच्याच नावावर असतं आणि काही बिघडलं तर नोटीसही तुम्हालाच येते.

नावाचीही खात्री करून घ्या, कारण तुम्ही मुख्यतः तेच विकत घेताय. ट्रेड मार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात ब्रँडचं नाव टाका. उपाहारगृहासाठी वर्ग 43, चहा-मसाल्यासाठी वर्ग 30. स्थितीच्या रकान्यात Registered आहे की Objected किंवा Opposed, ते बघा. बोर्डावर ™ कुणीही लावू शकतो. ® नोंदणी झाल्यावरच लावता येतो, आधी लावणं हा 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम 107 खाली गुन्हा आहे. नोंदणी कंपनीच्या नावावर आहे की मालकाच्या वैयक्तिक, हेही बघा. उद्या भागीदार वेगळे झाले तर नाव ज्याचं, त्याच्याकडेच जातं.

तुमच्या आकड्यांत मला सर्वात जास्त खटकतं ते पुढचं गणित. तुमच्याकडून कंपनीला एकरकमी 4 लाख मिळतात आणि नंतर महिन्याला, मालावरचा खर्च न धरता, फार तर 12 हजार. म्हणजे एक नवं दुकान उघडणं हे तुमचं दुकान 33 महिने जगवण्याइतकं फायद्याचं. मी विकण्याच्या बाजूला होतो तेव्हा आमचं महिन्याचं उद्दिष्ट नव्या सह्यांचं असायचं. किती जुनी दुकानं चालू आहेत, हे कुणी विचारल्याचं आठवत नाही. मधल्या एजंटालाही त्या फीमधूनच वाटा मिळायचा, त्यामुळे त्याला तुमची जागा नेहमीच ‘एक नंबर’ वाटायची. म्हणून एरियाचं कलम वाचा, म्हणजे तुमच्या किती जवळ कंपनी दुसरं दुकान उघडणार नाही ते. ‘कंपनी शक्यतो’ हे शब्द असतील तर ते कलम नाहीच असं धरा. अंतर किलोमीटरमध्ये, तेही नकाशावर रेघ मारून, आणि घरपोच डिलिव्हरीसह हवं. वाकडच्या माझ्या एका अशिलाला दीड किलोमीटरचा एरिया मिळाला होता आणि कंपनीने तो पाळलाही. दुकान उघडलं नाही, पण पाचशे मीटरवर फक्त डिलिव्हरीचं किचन टाकलं. अ‍ॅपवर दोघांची नावं एकाखाली एक दिसायची. करारात ‘दुकान’ म्हटलं होतं, किचनचा उल्लेख नव्हता.

अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सहीच्या किमान 14 दिवस आधी एक माहितीपत्र द्यावंच लागतं. त्यात कोणती दुकानं बंद पडली, सोडून गेलेल्यांचा संपर्क काय, हेही येतं. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही, 1872 चा करार कायदा आणि जे लिहून घ्याल तेवढंच. पण मागायला कुणी अडवत नाही. गेल्या तीन वर्षांत उघडलेल्या आणि बंद झालेल्या दुकानांची यादी मागा. बंद झालेल्या दोघांना तरी भेटा. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे ताळेबंद थोड्या शुल्कात बघता येतात. उत्पन्नात फीचा वाटा किती आणि मालाचा किती, हे त्यात कधी कधी सरळ दिसतं.

चालू दुकान मोजायचं ते असं. ब्रँडची दोन दुकानं निवडा, कंपनीने दाखवलेलं एक आणि तुम्ही स्वतः शोधलेलं एक. मंगळवार-बुधवार धरा, शनिवार-रविवार नको. सकाळी साडेसात ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते आठ समोर बसून बिलं मोजा. कप मोजण्यापेक्षा बिलं सोपी पडतात. पहिलं बिल पहाटे आणि शेवटचं रात्री स्वतः घेतलंत आणि बिलांचे क्रमांक रोज एकपासून सुरू होत असतील, तर दिवसाची बिलं नुसत्या वजाबाकीने कळतात. मी हे अनेकदा केलं आहे आणि दुकानदाराने सांगितलेला आकडा फारच थोड्या वेळा जुळला. दुकानदार खोटं बोलतो असं नाही. त्याचीही फी अडकलेली असते, आणि कंपनीने ‘चौकशीला आलेल्यांशी नीट बोला’ असं सांगितलेलं असतं.

बाहेर पडायचं कलमही आत्ताच बघा. तुमचा करार 5 वर्षांचा, पण जागेचा लिव्ह अँड लायसन्स किती वर्षांचा आहे? नऱ्ह्यात 3 वर्षांचा करून मालक नंतर भाडं वाढवतात किंवा जागा मागतात. जागा गेली तर नवीन जागेसाठी पुन्हा फी लागेल की तीच चालेल, ते लिहून घ्या. दुकान दुसऱ्याला विकायचं झालं तर कंपनी किती हस्तांतर फी घेणार, तेही. करार संपल्यावर दोन वर्षं चहाचा धंदा करायचा नाही, अशी ओळ बहुतेक करारांत असते. तिला फार घाबरू नका. करार चालू असताना असं बंधन चालतं, सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये कोका-कोलाच्या गुजरातमधल्या बाटली भरणाऱ्या कंपनीच्या खटल्यात ते मान्य केलं आहे. करार संपल्यानंतरचं बंधन मात्र करार कायद्याच्या कलम 27 पुढे साधारणपणे टिकत नाही. त्यांची पाककृती आणि नाव मात्र वापरायचं नाही.

तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात फी भरली नसती. ‘ऑफर रविवारपर्यंतच’ असं सांगितलं असेल, मीही तसंच सांगायचो, आणि सोमवारी पुन्हा फोन करायचो. आधी दरपत्रक, दोन मंगळवार आणि बंद पडलेल्या दोन दुकानांचे मालक एवढं उरकून घ्या. मोजलेली बिलं घेऊन आलात तर वरच्या हिशोबात तुमचे खरे आकडे घालून बघू. फी 4 लाखांवरून अडीचवर आणि त्यातली अर्धी दुकान सुरू झाल्यावर, असं मागून बघायला हरकत नाही. मी विकत होतो तेव्हा आम्ही ते द्यायचो, फक्त कुणी मागितलं तरच.